भाडेकरूचा चेक परत आला तेव्हा लिहिलेली नोटीस

जुलैच्या 8 तारखेला दुपारी बँकेचा एसएमएस आला: 28,500 रुपयांचा चेक न वटता परत. तो जुलैच्या भाड्याचा होता. भाडेकरू मुलगा सरळ आहे, आधीचं भाडं कधी चुकलेलं नव्हतं, म्हणून आधी फोन केला. तो ओशाळला. पगार दोन महिने अडकलाय म्हणाला आणि लगेच पुढचं वाक्य आलं, "काकू, पुढच्या आठवड्यात परत टाका ना चेक, तोवर पैसे येतील."

हे वाक्य घरमालकांना चांगलंच ओळखीचं असेल. चेक परत टाकायला कायद्याची आडकाठी नाही. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो पुन्हापुन्हा भरता येतो, आणि दुसऱ्यांदा परत आला तर त्यावरून नव्याने नोटीसही देता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केलं आहे. पण दर खेपेला माझी बँक मला आकार लावते आणि त्याची बँक त्याला. शिवाय भरलेला चेक वटतोय की परत येतोय हे कळेपर्यंत आपण हातावर हात धरून बसतो. ऑनलाइन ट्रान्सफरचं तसं नसतं, एकदा पैसे खात्यात जमा झाले की विषय संपला. म्हणून मी त्याला म्हटलं, चेक राहू दे, पैसे खात्यावर पाठव, आणि मी तुला एक पत्र पाठवतेय, त्याने घाबरू नकोस.

पत्र कशाला, फोनवर झालं की बोलणं, असं घरातून ऐकावं लागलंच. कारण असं की चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी मागणी गेली नाही, तर चेकच्या त्या खेपेच्या परतीपुरता निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम 138 चा, म्हणजे चेक न वटल्याबद्दल कोर्टात तक्रार करण्याचा, रस्ता बंद होतो. मला कोर्टात जायचं नव्हतं. पण मुदत चालून गेल्यावर, जायची वेळ आली तरी जाता येणार नाही, अशा अवस्थेत बसायचीही इच्छा नव्हती. फोनवरचं बोलणं कितीही चांगलं झालं तरी या कलमापुरती ती लेखी मागणी होत नाही. आणि हे पत्र वकिलामार्फतच जायला हवं असंही नाही, ज्याच्या नावे चेक आहे त्याने स्वतःच्या सहीने पाठवलं तरी चालतं.

दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन चेक आणि त्यासोबतचा रिटर्न मेमो घेतला. एवढासा कागद, पण सगळा खेळ त्याच्यावर. त्यावर चेकचा नंबर, रक्कम, परत आल्याची तारीख आणि कारण असतं. माझ्या मेमोवर `FUNDS INSUFFICIENT` होतं, म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नाहीत. कारण आधी बघावं, कारण त्यावरून पत्राचा सूर ठरतो. सही जुळत नाही किंवा तारखेत खाडाखोड आहे म्हणून परत आलेल्या चेकमागे बहुतेक वेळा नुसता निष्काळजीपणा असतो. `ACCOUNT CLOSED` किंवा `PAYMENT STOPPED BY DRAWER` असेल तर मात्र मी फोनवर इतकं गोड बोलले नसते. मेमोवर बँकेचा शिक्का आहे ना तेही बघून घेतलं. आणि 30 दिवसांची मोजणी मी मेमो हातात आला त्या 9 तारखेपासून न धरता एसएमएस आला त्या 8 पासूनच धरली. एक दिवस पदरात पाडून घेण्यापेक्षा वाद न उरलेला बरा.

आता नोटीस. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी हौसेने त्यांच्याकडचा तयार मसुदा पाठवला. त्यांनी तो स्वतः एकदा वापरलाही होता. रिकाम्या जागा भरल्या की काम झालं. त्यात मधोमध एक ओळ होती: "तुमच्याकडून येणे असलेली एकूण रक्कम रु. ____ त्वरित भरावी." माझा हिशोब असा होता: चेकची रक्कम 28,500, चेक परत आल्याबद्दल माझ्या बँकेने कापलेले 177 (150 आणि त्यावरचा जीएसटी), आणि मे महिन्याच्या वीजबिलाचे त्याच्याकडून राहिलेले 3,200. बेरीज 31,877. त्या रिकाम्या जागेत हाच आकडा बसला असता.

तो मसुदा मी माझ्या जुन्या ऑफिसमधल्या एका मैत्रिणीला दाखवला. ती आता वकिली करते आणि तिच्याकडे चेकचीच कामं जास्त. तिने बाकी काही वाचलंच नाही, बोट थेट त्या ओळीवर ठेवलं. म्हणाली, "हा आकडा चेकवर कुठे आहे?"

नव्हताच. आणि गोम नेमकी तिथेच आहे. कलम 138 मधली मागणी असते ती "सदर रकमेची", म्हणजे चेकवर लिहिलेल्या रकमेची. नोटिशीत नुसती एक मोठी बेरीज लिहिली आणि त्यातले चेकचे किती आणि इतर किती हे वाचणाऱ्याला कळत नसेल, तर ती या कलमापुरती मागणीच ठरत नाही. पुढे कोर्टात गेल्यावर समोरचा वकील पहिला घाव तिथेच घालतो. इतर पैसे मागूच नयेत असं मात्र नाही. सुमन सेठी विरुद्ध अजय चुरीवाल या 2000 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं आहे: चेकची रक्कम स्वतंत्रपणे मागितलेली असेल आणि खर्च वगैरे बाकीच्या बाबी वेगळ्या दाखवल्या असतील, तर नोटीस टिकते. मैत्रीण म्हणाली, चेकची रक्कम एका परिच्छेदात एकटी बसव. तिच्या शेजारी कुणाला बसवू नकोस.

मग मी मसुदा बाजूला ठेवून साधं पत्रच लिहिलं. मुख्य भाग असा होता:

"आपण दि. 5 जुलैचा, रु. 28,500 चा चेक क्र. 000418 जुलै महिन्याच्या भाड्यापोटी मला दिला होता. मी तो दि. 7 जुलैला माझ्या खात्यात भरला. 'फंड्स इन्सफिशियंट' या कारणाने तो न वटता परत आल्याचे बँकेने मला दि. 8 जुलैला कळवले. मेमोची प्रत सोबत जोडली आहे.

सदर चेकची रक्कम रु. 28,500 (अक्षरी अठ्ठावीस हजार पाचशे) आपण शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत ही नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत, खालील खात्यात ट्रान्सफर करावी."

बँकेचे 177 आणि विजेचे 3,200 त्याखाली वेगळ्या परिच्छेदात गेले. "याशिवाय, वरील मागणीपासून स्वतंत्रपणे" अशी सुरुवात करून प्रत्येकी एक ओळ, आणि हे पैसे ऑगस्टच्या भाड्यासोबत दिले तरी चालतील असंही लिहिलं. बेरीज कुठेच केली नाही.

15 दिवसांबद्दलही एक गोष्ट. मला आधी तीन दिवसच द्यावेसे वाटत होते, भाडं तर 5 तारखेलाच यायला हवं होतं. पण कायदा चेक देणाऱ्याला नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस देतोच. आपण तीन लिहिल्याने ते तीन होत नाहीत, उगाच कटकट मात्र वाढते. म्हणून "शक्य तितक्या लवकर" ही माझी घाई आणि "15 दिवस" ही कायद्याची मुदत, दोन्ही एकाच वाक्यात घातल्या. ते 15 दिवस टळले आणि पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल करता येते. ते मी पत्रात एका वाक्यात, आवाज न चढवता लिहिलं. काही घरमालक अशा पत्रात पाणी तोडू, कुलूप बदलू असलं काहीबाही लिहितात. ते करता येत नाहीच, पण नुसतं लिहिलं तरी उद्या तोच कागद आपल्याविरुद्ध पुढे येतो.

डिपॉझिटची ओळ मात्र मुद्दाम घातली. फोनवर तो सहज म्हणून गेला होता, "नाहीतर डिपॉझिटमधून वळते करून घ्या." आमच्या करारात डिपॉझिट जागा सोडताना हिशोब करून परत द्यायचं आहे. ते मधल्या भाड्यात जिरवलं तर जागा सोडताना मोडतोड निघाली किंवा बिलं थकली तर माझ्या हातात काय राहणार? म्हणून लिहिलं: "सुरक्षा ठेवीतून ही रक्कम वळती करण्यास माझी संमती नाही." हे लेखी नसेल तर "मी म्हटलं होतं, काकू काही बोलल्या नाहीत" असं सोयीस्कर आठवायला वेळ लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला खात्याच्या तपशिलात. मागणी करणं सोपं, पण पैसे बरोबर ठिकाणी आणि बरोबर नावावर येतील असं लिहिणं हे खरं काम. खातेदाराचं नाव पासबुकावर आहे तसंच, खाते क्रमांक, बँक-शाखा आणि आयएफएससी. आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं कायम शून्य असतं. हाताने लिहिताना तिथे इंग्रजी ओ उमटतो आणि ट्रान्सफर अडतं. खाते क्रमांकाचं तर त्याहून गंभीर आहे, कारण एनईएफटीने पैसे जमा होतात ते क्रमांक बघून. नाव एकाचं आणि क्रमांक दुसऱ्याचा असेल तर पैसे त्या दुसऱ्याकडे जातात. आता पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसण्याची सोय झाली आहे, पण ते नाव बघायला तर हवं. म्हणून क्रमांक चार-चार आकडे सोडून टाइप केला आणि पासबुकाशी दोनदा ताडून पाहिला.

त्याखाली दोन वाक्यं. एक: "हे खाते आपल्या करारात नमूद असलेलेच आहे. खात्री करायची असल्यास पैसे पाठवण्यापूर्वी माझ्या नेहमीच्या नंबरवर फोन करावा." कुणाच्याही नावाने बनावट पत्र पाठवून खाते क्रमांक बदलणारे लोक आहेत, आणि पैसे मागणारं पत्र वाचून भाडेकरूला शंका आली तर ती रास्तच आहे. दुसरं वाक्य ट्रान्सफरच्या शेऱ्याबद्दल: "शेऱ्यात खालीलप्रमाणेच लिहावे."

```
CHQ 000418 JULY RENT
```

हा शेरा का हवा ते पुढे येतंच.

पत्र 10 तारखेला स्पीड पोस्टाने पाठवलं, करारातल्या पत्त्यावर, म्हणजे माझ्याच फ्लॅटवर. स्वतःच्याच घराच्या पत्त्यावर नोटीस पाठवताना जरा गंमत वाटते खरी. पोस्टाची पावती आणि पत्राची सही केलेली प्रत फाइलला लावली, ट्रॅकिंगवर 12 तारखेला "डिलिव्हर्ड" दिसलं त्याचं प्रिंटही काढून ठेवलं. पत्र बरोबर पत्त्यावर गेलं असेल तर ते पोचलं असं धरायला कायद्याचा आधार आहे, त्यामुळे समोरचा दार उघडत नाही म्हणून सगळं अडत नाही. माझ्याकडे तशी वेळ आली नाही. पीडीएफ त्याला व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवली, पण भिस्त पोस्टावर. 12 तारीख सोडून मोजलं की 15 दिवस 27 जुलैला भरत होते.

12 लाच संध्याकाळी त्याने खात्यावर एक रुपया पाठवून पाहिला आणि फोन केला, "काकू, आला का?" आला होता. हुशार पोरगा. त्याच्या बँकेत नवीन खातं जोडलं की पहिल्या दिवशी मोठी रक्कम पाठवता येत नाही, हेही त्याने सांगितलं. अगदी शेवटच्या दिवशी पैसे भरणाऱ्यांची पंचाईत होते ती इथे.

16 तारखेला 10,000 आले, शेऱ्यात मी दिलेली ओळ जशीच्या तशी. मी लगेच मेसेज केला: "चेक क्र. 000418 पोटी रु. 10,000 मिळाले. बाकी रु. 18,500. नोटिशीतील मागणी व मुदत कायम." अर्धे पैसे घेतले म्हणजे मागणी सोडली असा अर्थ कुणी काढू नये म्हणून शेवटचं वाक्य. वाचायला कोरडं आहे, पण त्याला वाईट वाटू नये म्हणून ते गाळलं असतं तर गोंधळ दोघांच्याही वाट्याला आला असता.

25 तारखेला 18,500 आले. आकडा बरोबर होता, शेरा मात्र `AUG RENT`.

त्याच्या अ‍ॅपमध्ये शेरा लिहायच्या जागी आधी वापरलेले शब्द आपोआप येतात, त्यातला एक त्याने दाबला होता. म्हटलं तर काहीच नाही. पण आपल्या करार कायद्याचं कलम 59 असं सांगतं की एकाहून जास्त देणी असताना देणाऱ्याने पैसे कोणत्या देण्यापोटी आहेत हे सांगितलं, तर घेणाऱ्याने ते पैसे स्वीकारल्यावर त्याच देण्यात धरायला हवेत. कलम 60 प्रमाणे त्याने काहीच सांगितलं नसेल आणि परिस्थितीवरूनही कळत नसेल, तर निवड घेणाऱ्याची. म्हणजे `AUG RENT` हा शेरा अक्षरशः घेतला तर 18,500 ऑगस्टच्या भाड्यात आगाऊ आले आणि चेकचे 18,500 अजून बाकी. मग 27 तारखेला मुदत संपल्यावर तो कागदोपत्री थकबाकीदार, आणि मी पैसे हातात असून तक्रार करायला मोकळी. त्याच्या भल्याचं नाही आणि माझ्या हिशोबालाही त्रास.

रकमेवरूनही अर्थ लागतो, हे खरं. कलम 59 खालीच त्याचं उदाहरण दिलं आहे: एकाचं दुसऱ्याला इतर देण्यांबरोबर 567 रुपयांचं एक देणं आहे, घेणेकरी पत्र लिहून तेवढीच रक्कम मागतो, देणेकरी 567 पाठवतो, तर ते त्याच देण्याचे धरायचे. 1872 च्या कायद्यातलं उदाहरण आमच्या प्रकरणाला इतकं चपखल बसावं याची मला मौज वाटली. पण इथे रक्कम एक सांगत होती आणि शेरा दुसरंच. वाद घालायला एवढी फट पुरते. मी त्याला फोन केला आणि त्याच दिवशी ईमेल लिहायला सांगितला: "आज पाठवलेले रु. 18,500 हे चेक क्र. 000418 (जुलैचे भाडे) पोटी उर्वरित रक्कम म्हणून आहेत. शेऱ्यातील मजकूर चुकीचा पडला आहे." सोबत ट्रान्सफरचा यूटीआर क्रमांक. मी उत्तरात "मान्य, याप्रमाणे नोंद केली" एवढंच लिहिलं. काम दहा मिनिटांचं, पण 27 च्या आत झालं.

पावती दिली ती एकच, पूर्ण रकमेची, त्यात दोन्ही ट्रान्सफरचे यूटीआर आणि तारखा, आणि "दि. 10 जुलैच्या नोटिशीतील चेकच्या रकमेची मागणी पूर्ण झाली" हे वाक्य. तो एक रुपया? तो वीजबिलात धरला, त्याच्या आग्रहाखातर. ऑगस्टला भाड्यासोबत वेगळे 3,376 आले, म्हणजे 177 आणि 3,200 यातून रुपया वजा.

मूळ चेक मी पावतीच्या दिवशी परत केला, त्याआधी नाही. 10,000 आल्यावर त्याने मागून पाहिला होता. पण पूर्ण पैसे येईपर्यंत तो चेक आणि मेमो हेच माझ्याकडचे कागद, ते कुणी आधी देत नाही. चेकच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढली, मूळ चेकवर आडवी रेघ मारून "रद्द" लिहिलं आणि झेरॉक्सवर "मूळ चेक परत मिळाला" अशी त्याची सही घेतली.

करार करताना त्याने पुढच्या महिन्यांचे सही केलेले चेक देऊन ठेवले होते, 000419 पासून पुढचे. ते माझ्या कपाटात पडून राहिले असते आणि एखादा सवयीने बँकेत गेला असता, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा ठरलं की ऑगस्टपासून त्याच्या खात्यातून दरमहा स्टँडिंग इन्स्ट्रक्शनने भाडं यावं, तारीख 5 ऐवजी 8, कारण त्याचा पगार आता 7 ला होतो. करारात तारीख बदलल्याचं एका कागदावर दोघांनी सही करून जोडलं, उरलेल्या चेकची नंबरवार यादी केली आणि ते सगळे त्याला परत दिले. ऑगस्टचं भाडं 8 तारखेला सकाळी जमा झालं, शेऱ्यात त्याचं नाव आणि महिना, दोन्ही बरोबर.